फुलस्केपवरची ग्रामसभा

कागद फुलस्केप होता आणि दोन्ही बाजूंनी भरलेला. मार्जिनमध्ये आडवं लिहिलेलं, काही ओळींवर चहाचा डाग, मध्येच एक बाण खालून वर गेलेला. तालुक्यातल्या एका गावात नव्यानेच रुजू झालेल्या ग्रामसेविकेने तो माझ्यापुढे ठेवला. २ ऑक्टोबर २०२३ ची ग्रामसभा ही तिची पहिली ग्रामसभा होती. मी पंचायत विभागात विस्तार अधिकारी म्हणून बरीच वर्षं इतिवृत्तं तपासली, आणि निवृत्त झाल्यावरही कुणी ना कुणी असा कागद घेऊन येतंच.

"सर, सगळे एकदम बोलत होते. एवढंच लिहून झालं," ती म्हणाली.

विषय क्रमांक चारखाली तिने लिहिलं होतं ते असं : पाणी – टाकी गळते – दुरु. १.२० – १५ वि.आ. – अण्णा नको, वॉ. ३ आधी – गोंधळ – हात ३ – बापू सूचक – ठीक.

सभेत माइक एका हातातून दुसऱ्या हातात जात असताना याहून जास्त कुणालाच लिहिता येत नाही, आणि तशी गरजही नसते. सभेत घेतलेली टिपणं लिहिणाऱ्याच्या आठवणीसाठी असतात. जो माणूस त्या दिवशी मंदिराच्या ओट्यावर बसलेला नव्हता आणि कधी त्या गावात येणारही नाही, त्याच्यासाठी प्रोसिडिंग बुक असतं. पंचायत समितीतला कर्मचारी, लेखापरीक्षक, माहिती अधिकारात नक्कल मागणारा, एखाद्या वेळी न्यायालय, या सगळ्यांना त्या पानावरून एवढंच कळायला हवं की सभा कायदेशीर होती का, काय ठरलं, किती पैशाचं ठरलं आणि कुणी ठरवलं. म्हणून टिपणांचं इतिवृत्त करणं म्हणजे शुद्धलेखन सुधारून, अक्षर वळणदार काढून तेच पुन्हा लिहिणं नव्हे. काही गोष्टी गाळाव्या लागतात, काही शोधून आणाव्या लागतात, आणि जी सापडत नाही तिची जागा मनाने भरायची नाही.

विषयाला हात घालण्याआधी मी तिला हजेरीचं रजिस्टर उघडायला सांगितलं. गावात १,८६० मतदार. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. इथे १५ टक्के म्हणजे २७९, म्हणून १०० धरायचे. चारशे मतदारांच्या वाडीत हाच हिशेब साठावर येतो. रजिस्टरात १०९ सह्या होत्या, त्यामुळे ती निर्धास्त होती. आम्ही मतदार यादी शेजारी ठेवून एकेक नाव ताडून पाहिलं. एका गृहस्थांची सही दोनदा होती, आत येताना एक आणि चहानंतर एक. दोन सह्या शाळेतल्या गुरुजींच्या, ते तालुक्याच्या गावी राहतात आणि मतदानही तिकडेच करतात. तीन दहावीच्या मुलांच्या, जे झेंड्याच्या कार्यक्रमासारखं समजून रांगेत उभे राहिले होते. एक सही पाहुण्या आलेल्या जावईबापूंची. १०९ मधून सात गेले, राहिले १०२. सभा वाचली, पण दोनच माणसांनी.

आता प्रश्न आला की इतिवृत्तात आकडा कुठला लिहायचा. अशा ठिकाणी लोक १०९ च लिहितात, कारण रजिस्टरात तेवढ्या सह्या दिसतात. मग कुणी तरी पुढे यादी घेऊन बसतो, सात नावं खोटी निघतात, आणि एकदा सात निघाली की उरलेल्यांवरही संशय येतो. आम्ही लिहिलं : उपस्थित मतदार १०२, गणपूर्ती आहे. रजिस्टरातल्या सह्या मात्र तशाच राहू दिल्या. त्या खोडायच्या नसतात. त्यांच्यासमोर पेन्सिलीने 'मतदार नाही' असं लिहायचा तिचा विचार होता, तोही मी मोडून काढला. सभा संपल्यावर हजेरीच्या पानावर कुणीही काही लिहायचं नाही, मग ते कितीही खरं असो. आणि हजेरी शंभराच्या खाली गेली असती तर ती सभा तहकूब म्हणूनच लिहावी लागली असती. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, पण आधीची सभा कोणत्या तारखेला आणि कशासाठी तहकूब झाली हे तिच्या इतिवृत्ताच्या सुरुवातीलाच यावं लागतं. त्या ओळीशिवाय वीस माणसांची सभा वाचणाऱ्याला बेकायदेशीरच वाटणार.

मग विषय क्रमांक चार.

'१.२०' कडे आम्ही दोघं बराच वेळ पाहत राहिलो. देवनागरीत घाईने लिहिलेला एक आणि नऊ यांत फरक एका शेपटीचा असतो. तिने लिहिलेला एक होता हे तिला माहीत होतं, पण सहा महिन्यांनी तीच शपथेवर सांगू शकली नसती. अशा वेळी मूळ कागदाकडे जायचं. या कामाचं पंचायत समितीच्या अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक सभेत ठेवलेलं होतं. त्यावर रक्कम निघाली रु. १,१९,६४०. सरपंच बोलताना 'एक वीस' म्हणाले होते, आणि तिने ऐकलं तसं टिपलं होतं.

इथे जरा थांबायला हवं, कारण असल्या बारीक ठिकाणीच लेखापरीक्षणाचे शक निघतात. सभेपुढे कागद ठेवलेला असेल तर ठरावात कागदावरची रक्कम येते, तोंडी बोललेली नाही. लोकांनी हात वर केले ते त्या अंदाजपत्रकाला. कागद सभेपुढे आलाच नसता, नुसतं तोंडी सांगितलं असतं, तर 'अंदाजे रु. १,२०,०००' असंच लिहावं लागलं असतं, आणि मागाहून मिळालेलं अंदाजपत्रक सभेत होतं असं भासवता आलं नसतं. फरक ३६० रुपयांचा आहे, पण ठरावात एक रक्कम, अंदाजपत्रकात दुसरी आणि बिलात तिसरी आली की तपासणारा तिथेच पेन्सिल टेकवतो. रक्कम आकड्यात लिहून पुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ काढायची, म्हणजे मागून आकडा चिकटवता येत नाही, आणि कंसात अक्षरी लिहायची. एक आणि नऊचा घोळही तिथेच मिटतो.

'१५ वि.आ.' म्हणजे पंधरावा वित्त आयोग, हे तिला आणि मला कळतं. पण या आयोगाचा पैसा ग्रामपंचायतीला एकाच खिशात येत नव्हता. त्यातला ६० टक्के तेव्हा बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला, आणि ४० टक्के अबंधित. टाकीची दुरुस्ती बंधित निधीतून करता येत होती. तिने पटकन लिहायला घेतलं, 'बंधित निधीतून'. मी विचारलं, सभेत 'बंधित' हा शब्द कुणी उच्चारला होता का? नव्हता उच्चारला. मग हा शब्द आपण कुठून आणतोय? तिच्या डोळ्यांत जरा गोंधळ दिसला, कारण शब्द तर बरोबर होता. शेवटी त्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रत काढली. हे काम आराखड्यात होतं, आणि त्यापुढे बंधित असं स्वच्छ लिहिलेलं होतं. आराखडा आधीच्या ग्रामसभेने मंजूर केलेला, विषयपत्रिकेबरोबर या सभेपुढेही ठेवलेला. म्हणून तो शब्द घेता आला, पण आराखड्याचा हवाला देऊन.

आराखडा हाती आला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. त्यात कामाचं नाव होतं 'गावठाणातील पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करणे'. तिच्या विषयपत्रिकेत होतं 'जुनी टाकी नूतनीकरण'. बोलण्यात दोन्ही एकच, कागदावर दोन वेगळी कामं. आराखडा, अंदाजपत्रक, ठराव आणि बिल या चारही ठिकाणी कामाचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असलं तरच ती चौघं एकमेकांना ओळखतात. नोटीस तर निघून गेली होती, तिची दवंडीही झाली होती, त्यामुळे विषयाचं शीर्षक आम्ही नोटिशीत होतं तसंच ठेवलं आणि ठरावाच्या मजकुरात आराखड्यातलं पूर्ण नाव घातलं.

अण्णा, बापू यांचं काय करायचं? गावात अण्णा चार असतात. मतदार यादीत असेल ते पूर्ण नाव शोधायचं, आणि ते हजेरीत आहे का पाहायचं. दोघांच्याही सह्या सापडल्या.

अनुमोदक मात्र कुठेच नव्हता. 'बापू सूचक – ठीक' आणि पुढे काही नाही. इथे मला एक जुनं प्रकरण आठवतं, दुसऱ्या तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीचं. तिथेही टिपणात अनुमोदक नव्हता. लिहिणाऱ्याने सवयीप्रमाणे एका नेहमीच्या माणसाचं नाव टाकून दिलं, कारण हा माणूस प्रत्येक सभेला पहिल्या रांगेत असायचा आणि प्रत्येक गोष्टीला अनुमोदन द्यायचा. त्या एका सभेला तो नव्हता. तो जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात भरती होता. दोन वर्षांनी रस्त्याच्या बिलावरून भांडण लागलं आणि विरोधी गटाने दवाखान्याचे केसपेपरच चौकशीत हजर केले. रस्ता खरा झालेला होता, खडी-डांबर खरं होतं, पण ठरावच बनावट आहे असं म्हणायला त्यांना एवढी एक ओळ पुरली.

म्हणून मी तिला सांगितलं, मागच्या आठवड्यातली गोष्ट आहे, लोकांना आठवत असेल, विचारा. फोन करताना 'अमुक बाईंनी अनुमोदन दिलं होतं ना?' असं नाही विचारायचं, 'अनुमोदन कुणी दिलं?' असं विचारायचं. तिने सरपंच, एक सदस्य आणि अंगणवाडी ताई अशा तिघांना वेगवेगळं विचारलं. तिघांनीही एकाच बाईंचं नाव घेतलं, बचत गटाच्या अध्यक्षा, ज्या मागच्या बाजूने उभ्या राहून मोठ्याने 'माझं अनुमोदन' म्हणाल्या होत्या. हजेरीत त्यांची सही होती. त्यांनाही विचारलं, त्या हो म्हणाल्या. तेव्हा नाव लिहिलं. तिघांनी तीन नावं सांगितली असती तर ती जागा 'नोंद नाही' अशीच गेली असती.

आणि मग आला तो फोन, ज्याची मी वाट पाहत होतो. सरपंचांचा. "मॅडम, त्या पाण्याच्या ठरावावर सर्वानुमते लिहून टाका. उगाच कशाला."

'ठराव सर्वानुमते मंजूर' हे तीन शब्द महाराष्ट्रातल्या प्रोसिडिंग बुकांत इतके छापील झाले आहेत, की काही लोक ते विषय लिहायच्या आधीच ओळीच्या शेवटी लिहून ठेवतात. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही. गावात भांडण झालं हे कागदावर दिसू नये, वरच्या कार्यालयात गाव एकोप्याचं वाटावं, एवढंच अनेकदा असतं. पण तीन हात विरोधात वर झालेले शंभर माणसांनी पाहिले आहेत. सर्वानुमते आणि बहुमताने यांत ठरावाच्या ताकदीचा काही फरक पडत नाही, काम दोन्हीने मंजूरच होतं. फरक पडतो तो अण्णांना. त्यांचा विरोध नोंदवला तर तिथेच विषय संपतो. तो गाळला तर ते तक्रार करतात, आणि तक्रार टाकीबद्दल राहत नाही, इतिवृत्त खोटं लिहिल्याबद्दल होते.

तिने सरपंचांना फोनवर काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. परत आली तेव्हा म्हणाली, "बहुमताने लिहायचं ठरलं. मग १०२ मधून ३ वजा, ९९ बाजूने?"

नाही. विषय चार येईपर्यंत दीड तास झाला होता. किती जण उठून गेले होते, किती जणांनी कुठलाच हात वर केला नाही, कुणी मोजलं होतं? टिपणात 'हात ३' एवढंच होतं. वजाबाकी करून काढलेली मतं म्हणजे न झालेली मोजणी. जे झालं ते असं होतं की विरोधाचे हात मोजले गेले, आणि बाकीचा मोठा समुदाय पाहून अध्यक्षांनी मंजूर असं जाहीर केलं. तसंच लिहिता येतं. पुढच्या वेळी दोन्ही बाजूंचे हात मोजा, असंही मी म्हणालो, पण ते पुढच्या वेळेचं.

तासाभराच्या खटाटोपानंतर ठराव बुकात उतरला तो साधारण असा :

विषय क्र. ४ : जुनी टाकी नूतनीकरण करणेबाबत.
ठराव क्र. ४ : सन २०२३-२४ च्या मंजूर आराखड्यातील 'गावठाणातील पाण्याच्या टाकीची दुरुस्ती करणे' या कामाचे रु. १,१९,६४०/- (अक्षरी रुपये एक लाख एकोणीस हजार सहाशे चाळीस) रकमेचे अंदाजपत्रक सभेपुढे ठेवण्यात आले. त्यावर चर्चा झाली. श्री. (पूर्ण नाव) यांनी, वॉर्ड क्र. ३ मधील जलवाहिनीचे काम आधी घ्यावे, असे मत मांडून विरोध दर्शविला. सदर काम आराखड्यात नमूद केल्याप्रमाणे १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. हात वर करून मत घेतले असता विरोधात ३ हात वर झाले. ठराव बहुमताने मंजूर झाल्याचे अध्यक्षांनी जाहीर केले.
सूचक : (पूर्ण नाव). अनुमोदक : (पूर्ण नाव).

'गोंधळ' हा शब्द गेला. कोण कुणाला काय म्हणालं, तेही गेलं. ते गाळल्याने निर्णयात काही कमी होत नाही. अण्णांचं म्हणणं एका वाक्यात राहिलं, कारण ते निर्णयाशी जोडलेलं होतं. शेवटच्या क्रियापदावर मी थोडा हटून बसलो होतो. 'चर्चा झाली' म्हणजे काही ठरलं नाही. 'शिफारस करण्यात आली' म्हणजे ठरवणारा दुसरा कुणी आहे. 'नोंद घेतली' म्हणजे ऐकलं. 'मंजुरी देत आहे' म्हणजे पैसा खर्च करायला वाट मोकळी झाली. टिपणातलं 'ठीक' यांतलं कुठलंही असू शकलं असतं, आणि ते ओळखायचं काम लिहिणाऱ्याचंच असतं.

बुक बांधीव, पानांवर क्रमांक घातलेलं, पहिल्या पानावर 'एकूण पाने इतकी' असा दाखला असलेलं. त्यात लिहिताना चूक झाली तर तिच्यावर गिरवायचं नाही, पांढरा रंग लावायचा नाही. एका रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला छोटी सही. याहून महत्त्वाची जागा आहे शेवटची, जिथे मजकूर संपतो आणि अध्यक्षांची सही येते. तिथे चार-पाच ओळी मोकळ्या राहिल्या की त्या पुढे कुणाला तरी हव्याशा वाटतात. मागाहून घुसवलेला ठराव मी नोकरीत अनेकदा पाहिला, आणि तो ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. वरच्या ओळी ऐसपैस आणि शेवटच्या तीन ओळी बसमधल्या प्रवाशांसारख्या दाटून उभ्या. शाई जरा वेगळी. ठराव क्रमांक '११ अ'. आणि विषय बहुधा 'ऐनवेळचा', म्हणजे नोटिशीत शोधायलाच जागा नाही. त्यामुळे शेवटच्या शब्दानंतर लगेच 'अध्यक्षांच्या परवानगीने सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले', वेळ, त्याखाली सह्या, आणि पानाच्या उरलेल्या जागेवर तिरकी रेघ.

तिने सगळं हाताने लिहिलं, मगच संगणकावर घेतलं. उलटा क्रम लावणारे खूप आहेत, आधी टाइप करायचं, छापायचं आणि पान बुकात डकवून द्यायचं. डकवलेलं पान काढताही येतं आणि बदलताही येतं, म्हणून तपासणीत त्याच्यावर पहिली नजर जाते. पंचायत समितीत जाते ती बुकातल्या मजकुराची नक्कल, आणि तिच्याखाली 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल' असं लिहून सही-शिक्का मारायचा असतो. बरहुकूम म्हणजे बरहुकूमच. बुकात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर नकलेतही तसंच जातं. तिने टाइप करताना एक वाक्य सुधारलं होतं, छान सुधारलं होतं, ते मी परत बिघडवायला लावलं.

एक फजिती झालीच. गावातल्या केंद्रावरच्या मुलाने मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला, आणि फाइल तालुक्याला पोहोचली तेव्हा तिथल्या पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटली. युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावं लागलं, आणि पुन्हा टाइप केलं म्हणून पुन्हा बुकाशी ओळ न् ओळ ताडून पाहावं लागलं. ते ताडून पाहताना ६४० चे ४६० झालेले सापडले. एकाने बुक वाचायचं आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवायचं, ही जुनी पद्धत अजून तरी मला याहून चांगली सुचलेली नाही.

मूळ फुलस्केप तिला टाकून द्यायचा होता. मी तो फाइलला लावायला सांगितला, निदान इतिवृत्त कायम होईपर्यंत.

ते कायम व्हायचं होतं पुढच्या ग्रामसभेत, २६ जानेवारीला. पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सहसा हा विषय 'वाचलं, वाचलं' म्हणत अर्ध्या मिनिटात उरकतात. तिने खरोखर वाचायला घेतलं. विषय चारला अण्णा उठले. लोकांनी माना वळवल्या. अण्णा म्हणाले, वॉर्ड तीनची 'जलवाहिनी' नाही म्हटलं मी, मी 'हातपंप' म्हटलं होतं. जलवाहिनी त्यांच्या शेजारचा म्हणाला होता. तिने फाइलमधला फुलस्केप काढला. त्यावर नुसतं 'वॉ. ३ आधी' होतं. जलवाहिनी हा शब्द तिने आठवणीतून घातला होता, आणि माझ्याही नजरेतून तो सुटला होता.

जुन्या पानाला तिने हात लावला नाही. २६ जानेवारीच्या इतिवृत्तात विषय क्रमांक एकखाली लिहिलं : मागील सभेच्या ठराव क्र. ४ मध्ये 'जलवाहिनीचे काम' याऐवजी 'हातपंपाचे काम' असे वाचावे. या दुरुस्तीसह इतिवृत्त कायम करण्यात आले. ठराव सर्वानुमते मंजूर.